पहिली एकटीने केलेली डिलिव्हरी

*ताई, मी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेबर रूममध्ये डिलिव्हरी केल्यात, पण प्रत्येक वेळी मागे स्टाफ सिस्टर उभ्या होत्या. मध्यंतरी आमच्या टीचरनी खेड्यातल्या एका सिस्टरची गोष्ट सांगितली. पावसाळी रात्र, वीज गेलेली, सिस्टर एकटी, तरी न डगमगता तिने बाईला मोकळं केलं. वर्गातल्या मुली भारावून गेल्या, मला मात्र धडकी भरली. साधं ॲम्पूल फोडतानाही माझे हात थरथरतात. दुर्गम भागात कंत्राटी जागा मिळतेय. आई म्हणते, शहरात खासगी हॉस्पिटल धर. मी तशी धीट नाही. माझ्यासारखीने गावात जावं का?*
*— एक विद्यार्थिनी, धुळे जिल्हा*

तुझ्या टीचरनी सांगितलेली गोष्ट खरीही असेल. पण पाऊस आला, अंधार आला, सिस्टरचं धैर्य आलं आणि तिने काय काय बघितलं तेवढं गळालं. किती सेंटिमीटर होतं, बाळाचे ठोके किती होते, कोणाला फोन केला, कशाला नाही म्हटलं, हे काहीच नाही. मग ऐकणारीला वाटणारच, की ती सिस्टर मुळातच धीट होती आणि मी नाही. म्हणून तुला दुसरी गोष्ट सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. तिला विचारून सांगतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सातपुड्यातलं एक उपकेंद्र. जुलै महिना. रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि जोडीची सिस्टर रजेवर होती. रात्री साडेआठला आशाताई एका बाईला घेऊन आल्या. दुसरी खेप, पहिली डिलिव्हरी नॉर्मल. सोबत सासू आणि गावातली म्हातारी सुईण. बाई पावरी बोलणारी, त्यामुळे मधे आशाताई.

सिस्टरने आधी कार्ड मागितलं. दिवस पूर्ण भरलेले, बीपी कधी वाढलेलं नाही. शेवटचं हिमोग्लोबिन मात्र ९.४. मग तपासलं: नाडी ८४, बीपी ११०/७०, डोकं खाली, बाळाचे ठोके १४०, पाणमोट शाबूत, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर. तिने पार्टोग्राफ काढला आणि पाच सेंटिमीटरची फुली अलर्ट रेषेवर मारली. तासाला एक सेंटिमीटर या चालीने दीडच्या आसपास तोंड पूर्ण उघडायला हवं. पुढच्या फुल्या त्या रेषेच्या डावीकडे पडत राहिल्या तर ठीक, उजवीकडे सरकायला लागल्या तर पाठवायची तयारी.

त्या ९.४ कडे जरा थांबून बघ. तेवढ्यावरून बाईला तातडीने पाठवायची गरज नव्हती. पण ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. सिस्टरने दोन गोष्टी केल्या. सगळं शांत असताना हिरवी, म्हणजे १८ नंबरची कॅन्युला लावून ठेवली. आणि नऊ वाजता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून सगळे आकडे सांगितले, आज १०८ कुठे उभी आहे आणि नाल्याला पाणी किती आहे तेही विचारून घेतलं. गाडी पोहोचायला पाऊण तास लागेल असं कळलं. आता विचार कर, हा फोन रात्री दोनला, रक्त वाहत असताना पहिल्यांदा गेला असता तर? पाऊण तास तेव्हाही लागलाच असता, पण तो तेव्हा कळला असता.

मग तिने टेबल लावलं. नाळ बांधायचे क्लॅम्प, कात्री, दोन कोरडे गरम टॉवेल, बाळासाठी अँब्यू बॅग. बॅगेचा मास्क तळहातावर दाबून हवा सुटत नाही ना, ते बघितलं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, उन्हात पडलेल्या ॲम्पूलवर भरवसा ठेवता येत नाही. तिने ते थंड पेटीत ठेवलं आणि आशाताईंना सांगितलं, डोकं दिसायला लागलं की मला आठवण करा. का? तर हातातलं बाळ सोडून ॲम्पूल फोडायची वेळ यायला नको. डोकं दिसायला लागतानाच १० युनिट सिरिंजमध्ये भरून, चिठ्ठी लावून, ट्रेच्या एका कोपऱ्यात ठेवायचं. तिचेही हात ॲम्पूल फोडताना थरथरायचे, तुझ्यासारखेच. हात थरथरतात हे माहीत होतं म्हणून तिने ते काम घाई नसलेल्या वेळेत ढकललं. यावर दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

साडेअकराला खरी परीक्षा झाली आणि ती डिलिव्हरीच्या आधीच. सासू आत आली आणि म्हणाली, "बाई, कळांची सुई मारून टाका ना. मागच्या टायमाला मारली होती, लगेच मोकळी झाली." सुईणीनेही मान हलवली. ही मागणी तुला गावात हमखास ऐकायला मिळेल, शहरातही मिळेल. सुई म्हणजे तेच ऑक्सिटोसिन, बाळ व्हायच्या आधी. ज्या औषधाने डिलिव्हरीनंतर आईचा जीव वाचतो, तेच कळा चालू असताना बेहिशेबी टोचलं तर गर्भाशय आवळलेलंच राहतं, बाळाचा प्राणवायू तुटतो, गर्भाशय फाटूही शकतं. स्नायूत गेलेलं औषध परत काढता येत नाही. कळा वाढवायच्याच असतील तर ते काम सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणी, ड्रिपमधून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपकेंद्रात कधीच नाही.

सिस्टर नवीन, वयाने लहान, परगावची. नुसतं नाही म्हणून भागलं नसतं. तिने सासूचा हात सुनेच्या पोटावर ठेवला, घड्याळ समोर धरलं आणि दोघींनी मिळून दहा मिनिटं कळा मोजल्या. तीन आल्या, प्रत्येक चाळीस सेकंदांच्या आसपास. आशाताईंच्या तोंडून सांगितलं, "कळा चांगल्या आहेत, बाळाचे ठोके चांगले आहेत, सुई दिली तर बाळ गुदमरेल." सासू गप्प बसली. पटलं म्हणून की कंटाळून, ते सिस्टरला माहीत नाही, मलाही नाही. पण दहा मिनिटं तिच्याही हाताला काम मिळालं.

दर अर्ध्या तासाला ठोके ऐकणं चालू होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. हिरवट असतं तर बाळाने पोटातच शी केली असा त्याचा अर्थ आणि पुढची तयारी वेगळी. फुटल्याबरोबर ठोके ऐकले, नाळ खाली आली नाही ना ते बघितलं. पावणेएकला तोंड पूर्ण उघडलेलं, म्हणजे फुली रेषेच्या डावीकडे. आता ठोके दर पाच मिनिटांनी. जोर द्यायची वेळ आली तशी सुईण पोट दाबायला पुढे सरसावली. सिस्टरने तिचा हात धरला आणि बाईच्या पाठीमागे नेऊन ठेवला, "आजी, इथं टेका द्या." वरून पोट दाबल्याने बाळ लवकर येत नाही, इजा मात्र होते. हे भाषण तिथे कामाचं नव्हतं. आजीला जागा हवी होती, ती मिळाली.

एक वीसला मुलगी झाली, लगेच रडली. पुसून आईच्या छातीवर ठेवली, वरून कोरडा टॉवेल. पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री केली आणि मिनिटाच्या आत ते भरून ठेवलेलं १० युनिटचं इंजेक्शन मांडीत दिलं. नाळेचे ठोके थांबेपर्यंत थांबून मग कापली. एक अठ्ठावीसला वार पडली. तिने ती उजेडात उलटसुलट करून बघितली, सगळे खंड जागच्या जागी, पडदाही पूर्ण.

तुझ्या टीचरची गोष्ट बहुधा इथे संपली असावी. या गोष्टीतली अवघड बारा-पंधरा मिनिटं अजून यायची आहेत.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी बघायच्या: गर्भाशय, रक्त, नाडी, बीपी. एक चाळीसला तिने पोटावर हात ठेवला. तेव्हा गर्भाशय बेंबीच्या आसपास, मधोमध आणि क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक लागायला हवं. हाताला लागलं ते मऊ, बेंबीच्या वर आणि उजवीकडे कललेलं. पॅड भिजलेलं, खाली कापडावर थारोळं.

ती सांगते, त्या क्षणी पोटात खड्डा पडला. मग ती मोठ्याने बोलायला लागली. "आशाताई, डॉक्टरांना फोन लावा, स्पीकरवर ठेवा. आजी, बाळ तसंच छातीशी धरून ठेवा." बोलता बोलता तिचे हात गर्भाशय चोळत होते. चोळलं की आवळायचं, हात काढला की पुन्हा मऊ. घाबरलेली मुलगी इथे एकच गोष्ट जोरजोरात करत राहते, चोळत राहते. सिस्टरने स्वतःला विचारलं, हे वर आणि उजवीकडे का आहे? वार पूर्ण पडलीय. मग भरलेलं मूत्राशयच त्याला ढकलत असणार. बाईने शेवटची लघवी दहा वाजता केली होती, नंतर कळांमुळे उठायलाच तयार नव्हती. भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट आवळत नाही आणि ते आवळलं नाही तर वारेच्या जागच्या उघड्या रक्तवाहिन्या वाहत राहतात. बाईला आताही लघवी होईना, म्हणून साधा कॅथेटर घातला. किडनी ट्रे भरला. गर्भाशय मधोमध आलं, खाली उतरलं, आणि चोळल्यावर या वेळी टणक झालं ते तसंच राहिलं.

कॅन्युला तयार होतीच. आरएलच्या ५०० मिलिच्या बाटलीत २० युनिट ऑक्सिटोसिन घालून ड्रिप सुरू केली, मिनिटाला ४० ते ६० थेंब. (ऑक्सिटोसिन शिरेतून एकदम ढकलायचं नसतं, बीपी कोसळतं. आणि तुझ्या केंद्रातल्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्रा वेगळी असेल तर तक्त्याप्रमाणे.) मग टॉर्चच्या उजेडात कुठे फाटलंय का ते बघितलं, कारण गर्भाशय टणक असूनही रक्त वाहत असेल तर ते जखमेतून येत असतं. फाटलं नव्हतं. रक्त ओसरलं.

ओसरलं, तर आता बाईला पाठवायचं कशाला? सासू तेच म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर सिस्टरच्याही मनात तेच होतं. पहिली एकटीची डिलिव्हरी, सगळं निभावलं, आता गाडी बोलावली तर गावात काय म्हणतील? तिने पुन्हा नाडी आणि बीपी घेतलं. नाडी १०८, बीपी १०४/६६. डोळ्याला बाई बरी दिसत होती, बोलत होती, बाळाला पाजायला बघत होती. पण नाडी आता बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेली होती. साडेआठला ती ८४ होती आणि वरचा आकडा ११०. नाडीला वरच्या आकड्याने भागलं आणि उत्तर ०.९ च्या पुढे गेलं, तर बाळंतिणीच्या बाबतीत ती धोक्याची खूण धरतात. तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी सांभाळून धरतं, नाडी मात्र आधी वाढते. त्यात हिमोग्लोबिन ९.४, आणि अंदाजे पाचशे मिलि गेलेलं. उपकेंद्रात रक्ताची पिशवी नसते. फोनवरचे डॉक्टर म्हणाले, पाठव. ती म्हणाली, गाडी निघालीय.

गाडी येईपर्यंत ती गर्भाशयावर हात ठेवून बसली आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहीत राहिली. मग ड्रिप चालू ठेवून, बाळ आईच्या छातीशी बांधून, स्वतः सोबत गेली. रक्त साठवायची सोय असलेल्या रुग्णालयात बाईला दोन दिवस ठेवलं. पुन्हा रक्तस्राव झाला नाही. आईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली आलं होतं, त्यावर उपचार झाले आणि मायलेकी घरी गेल्या.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू "मी धीट नाही" असं लिहिलंस, जणू ते रक्तगटासारखं कार्डावर छापलेलं आहे. या रात्रीत धीटपणा कुठे कुठे लागला ते बघ. नऊ वाजता डॉक्टरांना "माझी केस नॉर्मल आहे, तरी सांगून ठेवते" असं म्हणायला लागला. साडेअकराला सुई न द्यायला लागला. सगळं थांबल्यावर गाडी बोलवायला लागला. तिन्ही वेळा हाताचा थरकाप आड आला नाही, कारण तिन्ही ठिकाणी समोर लिहिलेला आकडा होता. मला विचारशील तर यातलं तिसरं सर्वांत कठीण. रक्त वाहताना काय करायचं ते तक्ता सांगतो. रक्त थांबल्यावर आपल्याच शाबासकीच्या विरुद्ध निर्णय घ्यायचा असतो.

आणि "एकटी" म्हणतेस, तर ती होती का एकटी? आशाताई, सुईण, सासू, फोनवर डॉक्टर. तिने प्रत्येकीला एक काम नेमून दिलं, म्हणून त्या तिच्या कामी आल्या. नाहीतर त्याच तिघी अंगावर आल्या असत्या.

तरीही गाव की शहर, याचं उत्तर मी एका शब्दात देणार नाही, कारण तुझ्या आईचंही चुकत नाही. शहरातल्या बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत नवीन सिस्टर टेबल लावते, इंजेक्शन देते आणि डिलिव्हरी डॉक्टर करतात. सुरक्षित वाटेल, पण दोन वर्षांनी हाताची भीती तिथेच असेल. दुसऱ्या टोकाला, दुसरी सिस्टर नसलेल्या उपकेंद्रात सरळ जाऊन पडणं, हेही मी पहिल्या नोकरीला सुचवणार नाही. मधली वाट आहे: चोवीस तास डिलिव्हरी होणारं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, जिथे रात्री दुसरी स्टाफ सिस्टर हाकेवर असते. कंत्राटी जागेचं ठिकाण निवडता येत असेल तर ते माग. येत नसेल तर सही करण्याआधी विचार: महिन्याला डिलिव्हरी किती होतात, रात्रपाळीला किती जणी असतात, रक्त मिळणारं जवळचं ठिकाण कोणतं, पावसाळ्यात १०८ तिथपर्यंत येते का. महिन्याला एखादीच डिलिव्हरी होत असेल तर तिथे हात बसण्याऐवजी गंजतो.

परीक्षेपर्यंतचे महिने आहेत ते असे वापर. टीचरना सांग की पुढच्या नॉर्मल केसला माझ्या मागे उभं न राहता लेबर रूमच्या दारात उभ्या राहा, मी हाक मारेन तेव्हाच आत या, आणि मी प्रत्येक पायरी मोठ्याने बोलेन. हाक कधी मारायची, हेच तुला शिकायचंय, आणि ते मागे कोणी उभं असताना शिकता येत नाही. दुसरं, लॅबमध्ये ५०० मिलि लाल रंगाचं पाणी मोजून घे आणि पॅडवर, कापडावर, फरशीवर ओतून बघ. बहुतेक मुली गेलेल्या रक्ताचा अंदाज कमी करतात. एकदा डोळ्यांनी बघितलं की पॅड उचलल्यावर हिशेब लागतो. तिसरं, प्रत्येक बाळंतिणीच्या पोटावर हात ठेव, तुझी केस नसली तरी. टणक गर्भाशय खूप वेळा हाताला लागलं असेल, तर मऊ लागल्याबरोबर कळतं.

ॲम्पूलचं म्हणशील तर रिकामी ॲम्पूल मागून घेऊन सराव करायचा नाही, काच लागेल. डिस्टिल्ड वॉटरची भरलेली घे, मानेला गॉझ गुंडाळ, खुणेचा ठिपका आपल्याकडे धर आणि आपल्यापासून लांबच्या बाजूला मोड.

आईला सोबत घेऊन एकदा ते केंद्र बघून ये. तिला क्वार्टरचं दार, कडी, पाणी, रात्री लेबर रूमपर्यंत जायची वाट बघू दे, तिची काळजी तिथली आहे आणि रास्त आहे. तोवर तू ऑक्सिटोसिन कुठे ठेवतात ते विचार. उघड्या कपाटातून काढून दाखवलं, तर रुजू झाल्यावर पहिला अर्ज थंड पेटीसाठी कर.